तीळ भाजताना आई बाहेरच्या खोलीत होती

यंदा संक्रांतीच्या आधी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला काही दिवस शेगडीजवळ जायचं नाही म्हणून सांगितलं. लेकीला हॉस्टेलवर चटणी पाठवायची होती, तेव्हा भाजायचं काम माझ्याकडे आलं. रविवार कारंजावरून पाव किलो शेंगदाणे आणि दीडशे ग्रॅम तीळ आणले. खोबऱ्याच्या दोन वाट्या घरात होत्या.

पहिले तीळ वाया गेले. लोखंडी कढईत मध्यम आचेवर टाकले, हलवत राहिलो, छान बदामी झाले तसा गॅस बंद केला. तेवढ्यात फोन आला. पाच-सहा मिनिटांनी परत आलो तर तीळ तपकिरी झाले होते. आईने चिमूटभर तोंडात टाकून लगेच सांगितलं, "कडवट झालेत. लसूण कितीही घाल, हा कडूपणा जायचा नाही."

लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि तिळासारखा बारीक दाणा त्या उष्णतेत भाजतच जातो. म्हणजे हवा तो रंग कढईत दिसला, तेव्हाच उशीर झालेला असतो. हव्या त्या रंगाच्या किंचित अलीकडे थांबायचं आणि तीळ तेव्हाच परातीत पसरायचे.

दुसऱ्या वेळी आई बाहेरच्या खोलीत काळा चष्मा लावून बसली आणि मी मूठभर तीळ घेऊन मंद आचेवर सुरुवात केली. दोन मिनिटांत तडतड सुरू झाली. मला वाटलं झालं. तिथूनच आई म्हणाली, "अजून नाही. ती ओल उडतेय. वास कच्चाच आहे." खरंच, थोडे दमट असलेले तीळ लवकर उडायला लागतात, त्यामुळे नुसत्या आवाजावर जाता येत नाही. मिनिटभराने तीळ फुगीर दिसू लागले आणि वास गोडसर, खमंग झाला. "आता काढ," असं आईने म्हटलं तेव्हा मला ते फिकेच वाटत होते. परातीत गार होता होता रंग हवा तसा आला. दोन बोटांत चुरडला की तीळ सहज मोडतो. कच्चा तीळ चिवट लागतो आणि चपटा होतो.

रंगासाठी मी एक सोय केली. पांढऱ्या बशीत चमचाभर कच्चे तीळ ठेवले आणि कढईतली चिमूट दर थोड्या वेळाने त्यांच्या शेजारी टाकून बघितली. काळ्या कढईत तीळ आहेत त्यापेक्षा फिकट दिसतात, बशीत फरक लगेच कळतो. नाकाचंही तसंच आहे. शेगडीपाशी दहा मिनिटं उभं राहिलं की वास जाणवेनासा होतो. म्हणून मधूनमधून ओट्यापासून लांब, गॅलरीत जाऊन यायचं.

शेंगदाण्यांना धीर लागतो. आच मोठी केली तर सालीवर काळे डाग पडतात आणि आत दाणा पांढरा, कच्चट राहतो. मी मंद आचेवर ठेवून आठव्या मिनिटाला एक दाणा फोडला, आत पांढराच होता. साधारण चौदाव्या मिनिटाला साल चोळताच सुटली आणि दाण्याच्या दोन्ही डाळी आतून सारख्या फिक्या बदामी दिसल्या. गरम दाणा मऊच लागतो, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. मऊ आहे म्हणून आणखी भाजत बसलं की दाणे करपतात.

खोबरं शेवटी घेतलं. किसताना बारीक चुरा खूप पडतो आणि तोच आधी जळतो, म्हणून चाळणीने चुरा वेगळा काढला. लांब कीस आधी मंद आचेवर टाकला, तेल घालायची गरज नाही, खोबऱ्याचं स्वतःचं पुरतं. गोडसर वास येऊन कडा गुलाबी झाल्या की चुरा घालायचा, अर्धा मिनिट हलवायचं आणि उतरवायचं. वासात धुरकटपणा आला तर तो घाणा चटणीत घालू नये. किसण्याआधी वाटीचा तुकडा चावूनही बघायचा. खवट असेल तर भाजून तो सुधारत नाही.

तिन्ही पूर्ण गार व्हायला तास गेला. मग लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवला. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. आईने बोटावर घेतलेली चटणी चाखली, थोडं मीठ वाढवायला सांगितलं आणि कोरडी बरणी काढायला लावली.