प्रश्नाचं शेपूट

आमच्या इतिहासाच्या बाई फळ्यावर एकच विषय लिहायच्या आणि तासागणिक त्याचं फक्त क्रियापद बदलायच्या. त्याला त्या ‘प्रश्नाचं शेपूट’ म्हणायच्या. विषय असायचा पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेला 1919 चा व्हर्सायचा तह. ‘विश्लेषण करा’, ‘चर्चा करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’ अशी शेपटं बदलत जायची. तोच तह पुन्हा पुन्हा लिहून आम्ही वैतागायचो. आज पदवीच्या उत्तरपत्रिका तपासताना मात्र तेच तास जास्त आठवतात, कारण माहिती भरपूर असूनही गुण जातात ते बहुतेक वेळा याच जागी.

विश्लेषणात त्यांना निकाल नको असायचा. तहाचे भाग सुटे करायचे आणि ते एकमेकांत कसे गुंतलेत ते दाखवायचं, एवढंच काम. कलम 231 ने युद्धाच्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली, आणि भरपाई मागायला त्याच कलमाचा आधार मिळाला. सैन्यावर एक लाखाची मर्यादा आली, आल्सेस-लोरेन फ्रान्सकडे परत गेलं. ही नुसती यादी दिली तर ते वर्णन झालं. ‘या कलमामुळे ती मागणी शक्य झाली’ हा दुवा जोडला की विश्लेषण सुरू होतं. चर्चेत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समोरासमोर आणायचे आणि शेवटी कल कुठे झुकतो ते सांगायचं. त्यावर बाई फार वेळ घालवत नसत.

त्यांचा खरा जीव होता मूल्यमापनात. ‘तह यशस्वी ठरला का?’ असं विचारलं की त्या लगेच उलट विचारायच्या, “कशाच्या मापाने?” उत्तराच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत माप सांगितलंच पाहिजे, हा त्यांचा नियम होता. जर्मनीला निःशस्त्र ठेवणं हे माप घेतलं, तर 1935 मध्ये सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू झाली तिथे तह हरला. फ्रान्सची सुरक्षितता हे माप घेतलं, तर मार्च 1936 मध्ये जर्मन सैन्य फ्रान्सच्या सीमेलगतच्या, तहाने सैन्याला बंदी घातलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये शिरलं तिथे तो मोडला. पण पोलंडसारख्या पुन्हा उभ्या राहिलेल्या देशाच्या बाजूने पाहिलं तर निकाल इतका सरळ येत नाही. माप न सांगता ‘तह काही अंशी यशस्वी, काही अंशी अयशस्वी’ असं कुणी लिहिलं की बाई समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढत. मीही आता तेच करतो.

चिकित्सक परीक्षणात समोर कुणाचं तरी ठाम विधान असतं. ‘व्हर्सायचा तह हेच दुसऱ्या महायुद्धाचं कारण होय.’ इथे बरीच मुलं तहाचे दोष मोजत सुटतात. पण तपासायचं असतं ते विधान: त्याला पुरावा काय, त्यात गृहीत काय धरलंय, आणि ते कुठवर टिकतं. बाई ‘हेच’ या शब्दाखाली रेघ ओढायच्या आणि नाझी पक्षाच्या मतांचे आकडे लिहायच्या. 1928 मध्ये 2.6 टक्के, 1930 मध्ये 18.3, जुलै 1932 मध्ये 37.3. तह तर 1928 मध्येही होताच, मग तेव्हा मतं का नव्हती? मधे 1929 ची महामंदी आली. शिवाय जुलै 1932 मध्येच लोझानच्या परिषदेत भरपाईचा प्रश्न जवळपास निकाली निघाला होता, तरी मतं वाढलीच. म्हणजे ‘हेच’ टिकत नाही. तरीही विधान सपशेल फेकून द्यायचं नाही, कारण भरपाईच्या नव्या योजनेविरुद्ध 1929 मध्ये जर्मनीत जो प्रचार झाला, त्याने तहाचा राग पुन्हा वर आणला होता. विधानाचा किती भाग उरतो हे सांगितलं, तिथे उत्तर पुरं होतं.

तपासणीची त्यांची रीत मला फार आवडायची. वह्या बदलायच्या, प्रश्न झाकायचा आणि शेजाऱ्याने नुसतं उत्तर वाचून शेपूट ओळखायचं. ओळखता आलं नाही तर तथ्यं कितीही बिनचूक असोत, उत्तर परत लिहायचं. माझ्या शेजाऱ्याला माझी सगळी उत्तरं ‘वर्णन करा’चीच वाटायची, पण त्याच्या मताला मी फारशी किंमत द्यायचो नाही.

एक गोष्ट मात्र वर्गात नीट सुटली नव्हती. सगळे प्रश्नकर्ते हे शब्द इतक्या काटेकोरपणे वापरत नाहीत. विशेषतः ‘चर्चा करा’ फार सैल वापरलं जातं. कुणाला त्यात फक्त दोन्ही बाजू हव्या असतात, कुणाला ठाम निष्कर्षही. अशा वेळी प्रश्नाचे गुण पाहावेत आणि त्याच परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका व नमुना उत्तरं चाळावीत. प्रश्नात ‘कितपत’ आलं असेल तर क्रियापद कुठलंही असो, निकाल द्यावाच लागतो, आणि तोही ‘इतपत, कारण…’ अशा रूपात.