6-10-15: सहा चालींवरून चारवर

खुणा नसलेल्या भांड्यांनी पाण्याचं नेमकं 1 माप काढायचं कोडं सोडवतोय; एकदा भरणं, ओतणं किंवा रिकामं करणं म्हणजे एक चाल. मागच्या खेपेला 6 आणि 10 मापांच्या भांड्यांवर अडकलो होतो. दोघांचा मसावि 2, त्यामुळे कितीही ओतलं तरी विषम माप हाती लागेना. आता तिसरं 15 चं भांडं घेतलंय. कुठल्याही जोडीचा मसावि 1 नाही (2, 3, 5), पण तिघांचा मिळून 1 आहे. म्हणजे 1 हवा तर तिन्ही भांडी वापरावीच लागणार.

वाट सापडली. 15 भरून 10 मध्ये ओतलं, मागे 5 उरले. 10 रिकामं करून त्यात ते 5 घातले. मग 6 भरून 10 मध्ये ओतलं. तिथे पाचच मावले, 6 मध्ये 1 राहिला. सहा चाली, मी खूश!

फोंड्यात दिवसभर पाऊस, म्हणून खऱ्या बाटल्या काढल्या: 600 मिली, 1 लिटर, दीड लिटर. 100 मिली उरायला हवं होतं. काट्यावर 65 ग्रॅम भरलं. तीनदा केलं, तेच. शेवटी प्रत्येक बाटली काठोकाठ भरून तोलली: 625, 1050, 1540. छापलेलं माप काठापर्यंतचं नसतंच, वर थोडी मोकळी जागा असते.

तेव्हा समीकरण मांडलं: 6 + 15 − 10 − 10 = 1. दहाची बाटली दोनदा येते, म्हणून तिची 50 ची चूक दुप्पट होऊन वजा होते. 25 + 40 − 100, बरोबर 35 कमी. मग दहा एकदाच येईल असं समीकरण शोधत बसलो, आणि ते डोळ्यांसमोरच होतं: 6 + 10 − 15 = 1. 6 भरा, 10 भरा, 6 पूर्ण 15 मध्ये ओता, मग 10 ओता. तिथे नऊच मावतात, 10 मध्ये 1 उरतो. चार चाली! तीन चालींच्या सगळ्या शक्यता वहीत लिहून पाहिल्या, 1 कुठेच येत नाही.

समीकरण फक्त किती भरायचं, किती वजा करायचं ते सांगतं. क्रम आणि मोकळी जागा आपणच पाहायची. आणि काठाच्या भरवशावर राहिलो असतो तर या वाटेनेही 135 आले असते. म्हणून आता वजन करून मार्करने रेघा मारल्यात. त्यासाठी सरळ भिंतीच्या बाटल्या घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या खाचांच्या बाटलीवर रेघ नीट बसेना.

पुढे 1 ते 15 चा तक्ता करणार होतो. पण लिहिता लिहिता 14 सुचलं: 15 भरा, त्यातून 6 भरा, उरलेले 9 दहामध्ये, 15 परत भरा, दहामधली एकाची जागा भरा. पाच चाली, 15 + 15 − 6 − 10. तक्ता राहू दे, आधी हे चारमध्ये बसतं का ते पाहतो.