जीव कशात अडकलाय?

पॅकर्स-मूव्हर्स कंपनीच्या मालकानं जाहिरातीची ओळ फोनवरच सांगून टाकली होती. ‘एकही वस्तू फुटणार नाही, ही आमची हमी!’ आणि शेवटी एक चांदणी. “तुम्ही फक्त जरा सजवून द्या मॅडम, टेम्पोवर रंगवायचीय.”

हडपसरच्या बाजूला गोडाऊन, स्वतःचे मोजके टेम्पो आणि ज्यानं स्वतः पाठीवर कपाटं वाहिली आहेत असा मालक. माणूस सरळ. चांदणीखाली बारीक अक्षरांत काय येणार असं विचारलं, तर लगेच म्हणाला, “काचेची जबाबदारी गिऱ्हाइकाची.” म्हणजे हमी वर, आणि खाली तिचा राजीनामा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ची जाहिरातींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत खुलाशाची तळटीप मूळ दाव्याच्या विरुद्ध जाता कामा नये, आणि ती दाव्याच्याच भाषेत, त्याच अक्षरशैलीत हवी, असं आहे. हे सांगितल्यावर मालक जरा नाराज झाला. “सगळेच लिहितात,” म्हणाला. खरंय, सगळेच लिहितात. म्हणूनच कुणी वाचत नाही.

आमच्या ऑफिसातल्या आर्ट डायरेक्टरनं तोवर अंड्याचं चित्र काढलं होतं. पॅकर्स-मूव्हर्सच्या जाहिरातीत अंडं नाही असं होतच नाही. मी म्हटलं, ओळ नंतर, आधी मला एका शिफ्टिंगला जाऊ दे.

शनिवार पेठेतल्या वाड्यातून वाकडला नवव्या मजल्यावर. नवरा-बायको, शाळेतली मुलगी आणि आजी. गल्लीत मोठा टेम्पो शिरत नाही, त्यामुळे सामान आधी छोट्या हत्तीत भरायचं, मुख्य रस्त्यावर नेऊन मोठ्या टेम्पोत चढवायचं. प्रत्येक खोकं दोनदा जास्त हाताळलं जातं, आणि मुकादमाच्या मते वस्तू रस्त्यावरच्या खड्ड्यांत कमी आणि या चढ-उतारात जास्त फुटतात. त्यातही संध्याकाळी. माणसं दमलेली असतात आणि सोसायटीचा वॉचमन घड्याळ दाखवत असतो, कारण सामानाची लिफ्ट ठरावीक वेळेपर्यंतच मिळते. जाहिरातीत मात्र सगळे हसतमुख, इस्त्रीच्या टोप्या घातलेले.

घरातल्या बाईंनी दारातच सांगितलं, “भांडी मी स्वतः बांधलीत, त्याला हात लावू नका.” मुकादमानं खोकं उचललं, हलकेच हलवलं आणि कान लावला. आत किणकिण झाली. “ताई, आवाज येतोय, म्हणजे आत जागा आहे. मी उघडू का?” बाईंनी नाइलाजानं हो म्हटलं. ताटल्या एकावर एक आडव्या रचलेल्या होत्या, मध्ये वर्तमानपत्राचा एकेक कागद. हे बहुतेक सगळ्या घरांत असंच असतं. आडव्या थप्पीत वरच्या सगळ्या ताटल्यांचं ओझं तळाच्या ताटलीवर येतं आणि दणका बसला की तीच पहिली जाते. त्यानं खोक्याच्या तळाशी कागदाचे चुरगळलेले बोळे पसरले, प्रत्येक ताटली वेगळी गुंडाळून कडेवर उभी केली, फटींत पुन्हा बोळे ठासले आणि वरही एक थर दिला. मग खोकं बाईंच्याच कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर त्या स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसल्या. मी वहीत एवढंच लिहिलं: आवाज बंद, बाई बाहेर.

कपाटाच्या आरशावर चिकटपट्टीची फुली मारतात ना, त्यानं आरसा वाचतो असा माझा समज होता. मुकादम हसला. फुलीनं आरसा वाचत नाही, फुटला तर तुकडे उडत नाहीत, एवढंच. वाचतो तो उभा नेल्यानं आणि कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावल्यानं. ‘नाजूक’चं लाल स्टिकर मात्र त्यानं अगदी मोजक्याच खोक्यांवर लावलं. सगळ्यांवर लावलं, तर खाली उतरवणारा पोरगा कशालाच नाजूक समजत नाही. हे ऐकून मला आमच्याच धंद्याची लाज वाटली. आम्ही तर प्रत्येक शब्दावर स्टिकर लावतो.

आजी या सगळ्यात एका जागेवरून हलल्या नव्हत्या. त्यांच्या बाजूला चिनी मातीची बरणी होती, पिवळट, कानाशी टवका गेलेली, रिकामी. सुनेनं दोनदा सांगून झालं होतं की आई, ती राहू दे, नवीन घेऊ. मुकादम त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, “आजी, जीव कशात अडकलाय ते आधी सांगा. ते तुमच्यासमोर बांधतो, मग बाकीचं.” आजींनी बरणी पुढे केली. त्यानं झाकण वेगळं गुंडाळलं, पोटात कागद भरला, बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला येतील असं दोन वेढे घेतले, लहान खोक्यात बसवली आणि खोक्यावर आजींचं नाव लिहिलं. “ही माझ्यासोबत केबिनमध्ये येणार.” आजी उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. त्या घरात त्या दिवशी जी काही भीती होती ती तिथे निम्म्याने उतरली, हे मी पाहिलं. कुणीही कसलीच हमी दिली नव्हती.

ओळ मी लिहिली असं म्हणायला जीभ रेटत नाही; ती त्याची आहे. ‘जीव कशात अडकलाय, ते आधी सांगा.’ मी फक्त स्वल्पविराम दिला. (मुकादमाला त्याबद्दल पैसे द्यावेत असं मी मालकाला सुचवलं. त्यानं विषय बदलला.)

वाकडला रात्री एक काचेचा ग्लास फुटलेला निघाला. शेवटच्या घाईत कुणीतरी बादलीत टाकलेला. बाई म्हणाल्या, जाऊ दे हो. सकाळच्या बाई आणि या बाई एकच होत्या, यावर माझा विश्वास बसेना.

मालकाला ओळ आवडली, पण टेम्पोवर रंगवायला तो तयार नाही. त्याचं म्हणणं साधं आहे. आज बरणी फुटली, तर गिऱ्हाईक बरणीचे पैसे मागतं. आपणच विचारलं की जीव कशात अडकलाय, आणि तीच वस्तू फुटली, तर तो काय मागेल? विमा उतरवला तरी कंपनी वस्तूची सांगितलेली किंमत बघते, त्यातून जुनेपणाची घट वजा करते. टवका गेलेल्या बरणीची किंमत किती येणार? मी म्हटलं, म्हणूनच तर तुमची माणसं ती जास्त जपतील. तो म्हणाला, “मॅडम, तो मुकादम एकच आहे. बाकीची पोरं हंगामापुरती येतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ओळ टेम्पोवर गेली की प्रत्येक पोरानं प्रत्येक घरात तसं उकिडवं बसायला हवं, आणि ते शिकवायला मालकाकडे वेळ नाही.

शेवटी तडजोड म्हणून ओळ पाहणीच्या फॉर्मवर छापली. शिफ्टिंगच्या आधी माणूस घरी येऊन सामानाची यादी करतो, त्या कागदावर सगळ्यात वर. खाली दोन रकाने: वस्तू आणि किंमत. परवा मालकानं भरलेले फॉर्म दाखवले. देव्हारा, हार्मोनियम, बाबांचा चष्म्याचा डबा. एका गृहस्थांनी ‘बायकोच्या कुंड्या’ लिहिलंय आणि खाली दुसऱ्या अक्षरात, ‘माझ्या नाहीत, यांच्याच.’ वस्तूचा रकाना सगळ्यांनी भरलाय. किमतीचा जवळजवळ सगळ्यांनी मोकळा सोडलाय. विम्याच्या माणसाला तो भरलेला लागतो, आणि तो कुणी आणि कसा भरायचा, हे मालक मला विचारतोय.