कोंबड्याचे तेराशे

‘गुरुजींनी मंडळी सोडली’ हे वाक्य बाहेरच्या कुणी ऐकलं, तर तो आधी काकूंची चौकशी करील. जुन्या मराठीत मंडळी म्हणजे बायको. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं. काकू ठीक आहेत. गुरुजीही ठीक आहेत. जानेवारीपासून डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीजवळ, कुणी बसत नाही एवढंच. गर्दी असली तरी लोक ती जागा सोडून दाटीवाटीनं बसतात.

मी त्या मंडळीचा पाळक. गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, आणि आमचे कित्येक वर्षांचे खजिनदार. भांडण झालं ते कापणीच्या सणाच्या हिशेबावरून.

ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांना लिलाव समजावून सांगायला हवा, कारण सगळी गडबड तिथंच आहे. लोक शेतातलं, घरातलं काहीबाही आणून वेदीपुढं ठेवतात. बाजरी, भोपळा, अंडी, कोंबडा, कुणी पुरणपोळ्या. उपासना संपली की त्याचा लिलाव. पण हा बाजार नव्हे. पाचशेला भोपळा घेणारा तो लगेच परत देतो, म्हणतो, पुन्हा बोली लावा. असा एकच भोपळा चार-चारदा विकला जातो आणि शेवटी ज्याच्या पदरात पडतो त्याच्या घरी आठवडाभर भोपळ्याची भाजी होते. बोली तिथल्या तिथं वहीत लिहितात. पैसे मात्र कुणी लगेच देतो, कुणी पगार झाल्यावर, कुणी आठवण करून दिल्यावर. म्हणजे वहीतली बेरीज आणि हातात आलेली रक्कम यांची गाठ त्याच दिवशी पडेल अशी अपेक्षा धरणारा माणूस एकतर नवा असतो, नाहीतर तरुण.

वार्षिक सभेत तसाच एक तरुण उठला. वहीत ४१,६५० आहेत, जमा ३८,२५० दाखवलेत, मग ३,४०० कुठं गेले? प्रश्न रास्त होता. विचारायचा त्याला हक्कही होता. पण ‘गेले’ या शब्दावर सभा गप्प झाली. गुरुजी उठले, म्हणाले, “येणं बाकी असेल, बघून सांगतो.” मागून कुणीतरी बारीक हसलं. गुरुजींनी वही मिटली, ती टेबलावर माझ्यापुढं ठेवली आणि चष्म्याचं घर खिशात घालत निघून गेले.

अध्यक्षस्थानी मी होतो. पुण्याच्या एका पाहुण्यांनी भोपळा घेतला होता आणि त्यांचे पैसे यायचे होते, हे गुरुजींनी मला सणाच्या संध्याकाळीच सांगितलं होतं. सभेत ते मला अर्धवट आठवलं. आकडा आठवेना. बाहेर जेवणाच्या पंक्ती खोळंबल्या होत्या. मी म्हणालो, “पुढचा विषय घेऊ या.”

नंतर फेब्रुवारीत मी लिलाव लिहिणाऱ्या मुलाला घेऊन बसलो. पाहुण्यांचे २,१०० खरोखरच येणं होते. उरले १,३००. ते एका कोंबड्यानं खाल्ले होते. बोली तेराशेला तुटली, आणि नेमका तेव्हाच कोंबडा हातातून निसटून बाकांखाली शिरला. पोरांनी तो धरून आणल्यावर लिलाव करणाऱ्यानं मोठ्यानं सांगितलं, “हां, तर कोंबडा तेराशे!” मुलानं इमानदारीत दुसऱ्यांदा लिहिलं. २,१०० आणि १,३००, झाले ३,४००. सगळा शोध वीस मिनिटांचा. तो सभेआधी वीस मिनिटं बसून मी लावला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात वादाची पायरी सांगितली आहे. आधी एकट्यानं जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढं. मी एकटा दोनदा गेलो. दोन्ही वेळा काकू म्हणाल्या, “बाहेर गेलेत.” दोन्ही वेळा चपला दारातच होत्या. पंचांपैकी दोघांना घेऊन जाणं ही पुढची पायरी, पण ती अपराध करणाऱ्याकडे जायची आहे, आणि इथं अपराध माझा. चार माणसं दारात उभी राहिली की गुरुजींना वाटणार, वसुली आली. म्हणून पत्र. पत्र आलं की माणसाला चेहरा सांभाळावा लागत नाही. रागावून टेबलावर टाकता येतं आणि रात्री पुन्हा काढता येतं.

पहिला खर्डा तीन पानी झाला. तो मी आमच्या घरी वाचायला दिला. पाळकीणबाईंनी पेन्सिल घेतली आणि काही न बोलता ‘पण’ या शब्दाभोवती गोल काढत गेल्या. सात निघाले. ‘झालं ते वाईट झालं, पण सभेत प्रश्न विचारण्याचा...’ ‘मी बोलायला हवं होतं, पण त्या वेळी...’ प्रत्येक ‘पण’नंतर मी माझं अर्धं वाक्य परत घेत होतो. पुढं ‘गैरसमज’ होता. गैरसमज नेहमी समोरच्याचाच असतो, म्हणून तोही गेला. आणि ‘आपले मन दुखावले असल्यास’. दुखावलं ते साऱ्या सभेनं पाहिलं, मग ‘असल्यास’ कशाला?

दुसऱ्या खर्ड्यात मी वचनं घातली. इब्री लोकांस पत्रातलं, एकत्र मिळणं सोडू नये हे, पहिलंच. ते खोडलं, कारण शब्बाथशाळेत ते वचन मंडळीतल्या निम्म्या पोरांकडून गुरुजींनीच पाठ करून घेतलंय. त्यांचीच छडी त्यांना दाखवण्यात अर्थ नव्हता.

मग मी फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र काढून बसलो. पंचवीस वचनांचं चिमुकलं पत्र, तुटलेलं नातं जोडायला लिहिलेलं. पौल म्हणतो, मला आज्ञा करता आली असती, त्याऐवजी प्रीतीनं विनंती करतो. आणि पळून गेलेल्या अनेसिमाचं काही देणं असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हातानं लिहितो. खजिनदाराला पत्र लिहायचं तर याहून चांगला नमुना कुठला? पण पुढच्याच ओळीत पौल हळूच सुनावतो की तू स्वतःच माझं देणं लागतोस, ते मी बोलत नाही. बोलत नाही म्हणत बोललाच की! प्रेषिताला ते शोभलं असेल, आमच्यासारख्यानं तेवढी ओळ उचलू नये. ‘आम्ही तुमच्यासाठी किती केलं’ किंवा ‘तुमच्यावाचून मंडळी अडली आहे’ हे त्याचेच भाऊबंद.

पत्राआधी एक काम उरकलं. आरोप चारचौघांत झाला तर तो पाकिटात बंद करून मागे घेता येत नाही. मार्चच्या कमिटीत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती लिहून घेतली, आणि रविवारी सूचनांच्या वेळी फक्त आकडे वाचले. प्रश्न विचारणाऱ्या तरुणाचं नाव मी घेतलं नाही. तोही दर रविवारी माझ्यासमोरच बसतो. तो नंतर म्हणाला, “मीपण लिहू का गुरुजींना?” मी म्हटलं, “लिहू नकोस. जा. पण माझ्यानंतर.”

कधी बोलवायचं हाही प्रश्न होता. झावळ्यांचा रविवार, पुनरुत्थानाचा सण, सगळे जवळ आलेले. त्या दिवशी आत पाऊल टाकणाऱ्याकडे दोनशे डोळे वळतात. म्हणून दिवसच दिला नाही. खजिनदारीचाही विषय काढला नाही. त्या पदावर आता दुसरे आहेत, आणि पद पुढं केलं की ते आमिष दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर पाठवायचंच नव्हतं. निळ्या खुणा झाल्या की मी उत्तराची वाट बघत बसणार, हे त्यांनाही कळणार. शेवटी एका पानावर हातानं लिहिलं ते हे :

‘प्रिय गुरुजी,

सप्रेम सलाम वि. वि.

जानेवारीच्या सभेत ३,४०० रुपयांचा प्रश्न निघाला तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांचं येणं बाकी आहे हे तुम्ही मला आधीच सांगितलेलं होतं. मी ते सभेत सांगितलं नाही. तुम्ही उभे होतात आणि मी पुढचा विषय घेतला. ही माझी चूक आहे. मला क्षमा करा.

हिशेब तपासला. पाहुण्यांचे २,१०० येणं होते, ते आता जमा झाले. १,३०० कोंबड्याचे, दोनदा लिहिले गेले होते. तुमच्या हिशेबात एका पैशाची चूक नाही. इतिवृत्तात तशी दुरुस्ती केली आहे, तिची प्रत सोबत आहे. रविवारी मंडळीपुढंही वाचली.

तुमची आणि काकूंची आठवण येते. तुम्ही याल तेव्हा या. कुणी कारण विचारणार नाही, मी पुलपिटावरून नाव घेणार नाही. यायचं नसेल आणि घरी भेटायला हरकत नसेल, तर काकूंकडून निरोप द्या, मी चहाला येईन. दुसऱ्या मंडळीत तुमचं मन रमलं असेल, तर शिफारसपत्र मी स्वतः आणून देईन आणि त्यात तुमच्याविषयी खरं ते लिहीन.

या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आपला,
पाळक’

शिफारसपत्राच्या ओळीवर घरी वाद झाला. “बोलावताय की वाटेला लावताय?” पण मला ती ठेवायची होती. जायला दार उघडं नसेल तर यायला उघडलेलं दार सापळ्यासारखं वाटतं. काही जण खरोखरच दुसरीकडे रुजतात, त्यांना उपटून आणणं हे पाळकाचं काम नाही. आणि ज्याला मंडळीत खरी इजा झाली असेल, ज्याला तिथं यायचीच भीती वाटत असेल, त्याला असलं पत्र पाठवूच नये. तिथं आधी इजा करणाऱ्याला जाब विचारायचा असतो. गुरुजींचं तसं नव्हतं. त्यांचा अपमान झाला होता.

पत्र मी पोस्टात टाकलं. चालत गेलो तर दहा मिनिटांवर त्यांचं घर, तरी पोस्टात. तीन दिवसांनी पोहोचलं असेल. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. तिसरा बाक रिकामाच.

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांचा नातू सायकलवरून आला आणि एक लिफाफा देऊन तसाच वळला. आत चिठ्ठी नव्हती. मी पाठवलेली इतिवृत्ताची प्रत परत आली होती. ‘दुरूस्ती’तल्या दुसऱ्या अक्षराचा उकार लाल शाईनं ऱ्हस्व केला होता, ‘इतिवृत’ला राहिलेला त जोडला होता, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, पोरांच्या वह्या तपासताना करायचे तशी, वळणदार सही आणि तारीख.