जागेवर विहीर नाही

आयएसबीएनच्या अर्जात पुस्तकाचं नाव भरायचं होतं आणि आमच्याकडे नावच नव्हतं. म्हणजे होतं, ‘आभाळाखालची माती’. लेखक महसूल खात्यातून निवृत्त झालेले, आणि कादंबरी बेपत्ता तलाठ्याच्या शोधाची. सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त एक विहीर दिसते, प्रत्यक्ष शेतात ती नाही. कधीतरी रातोरात बुजवलेली. तिच्यात तलाठी आहे, हे वाचकाला दोन तृतीयांश पुस्तक संपल्यावर कळतं.

‘आभाळाखालची माती’ हे नाव वाईट नाही, पण ते दुसऱ्याच पुस्तकाचं आहे. ते ऐकून हातात घेणारा वाचक दुष्काळ, कर्ज, आजीची गोधडी यांच्या तयारीनं येणार, आणि रहस्यकथा वाचणारा त्या फडताळाकडे वळणारही नाही. नवोदित लेखकांना नावात कविता का लागते, कोण जाणे. हस्तलिखितात एक उपमा सापडत नाही आणि मुखपृष्ठावर आभाळ!

त्या दिवशी लेखक, विक्री बघणारे आमचे सहकारी आणि मी, तिघं बसलो. सहकाऱ्यांनी खुर्चीत टेकायच्या आत सांगितलं, “तलाठ्याचा खून. गिऱ्हाइकाला विचारायची गरजच नाही.” त्यांचं निम्मं बरोबर होतं. पण दीडशे पानं लेखक ज्या प्रश्नावर वाचकाला झुलवत ठेवतो, तलाठी पळाला की मेला, त्याचं उत्तर आम्ही मुखपृष्ठावर छापणार होतो. विक्रीवाल्यांना हे पटत नाही, कारण ते पुस्तकं वाचत नाहीत. (हे त्यांच्या तोंडावरही बोलले आहे.)

मग लेखकांनी ‘फेरफार’ सुचवलं. एका शब्दाचं, खणखणीत. मी फोनवर शोधून दाखवलं: सगळी सरकारी ई-फेरफारची पानं, वारस नोंद कशी करावी, अर्जाचे नमुने. दुकानात तर ते जमीन महसूल कायद्याच्या मार्गदर्शिकांशेजारी जाऊन बसलं असतं. ‘कागदावरची विहीर’ बराच वेळ टिकलं. पण चोरीला गेलेल्या विहिरीची गोष्ट आपल्याकडे विनोदी म्हणूनच ठाऊक आहे. ते नाव ऐकून ऑफिसातली मुलगी हसली, तिथेच ते बाद झालं.

शेवटी मी हस्तलिखितातला पंचनामा काढला. तिसऱ्या प्रकरणात मंडळ अधिकारी लिहितो, ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता जागेवर विहीर नाही.’ बाकी खोडलं आणि शेवटचे तीन शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले. सरकारी भाषेचा कोरडा ठामपणा, आणि त्यातच काहीतरी लपवल्याचा वास. विहीर ‘नाही’ असं मुद्दाम कोण सांगतं? लेखकांना ‘जागेवर’च्या ठिकाणी ‘गटात’, म्हणजे जमिनीच्या त्या नोंदलेल्या तुकड्यात, असं हवं होतं, पण शहरातल्या वाचकाला गट म्हणजे बचत गट नाहीतर राजकारण. “साहेब, ‘जागेवर’ हाही पंचनाम्यातलाच शब्द आहे,” म्हटल्यावर ते गप्प झाले.

मग माझी नेहमीची परीक्षा. ओळखीच्या एका दुकानदाराला फोन लावला, नाव एकदाच सांगितलं, इकडचं तिकडचं बोलले आणि फोन ठेवताना विचारलं, “मघाशी काय नाव सांगितलं?” त्यांनी जसंच्या तसं म्हटलं, वर “विहिरीत कोण आहे?” असंही विचारलं. ‘आभाळाखालची माती’च्या वेळी हेच गृहस्थ ‘मातीवरचं आभाळ’ म्हणाले होते.

एक फायदा मांडणी करणाऱ्यानं दाखवला. पुस्तक दोनशे आठ पानी, कणा जेमतेम सेंटिमीटरभर. कण्यावर नाव आडवं बसतं, त्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार दोन्ही त्या सेंटिमीटरात कोंबावे लागतात आणि मधलं अक्षर बारीक होतं. आमच्या नावात खाली एकही उकार नाही. अक्षर चांगलं जाड घेता आलं. ‘खून’ असतं तर नसतं घेता आलं.

दुकानदाराचा तो प्रश्न मात्र मला अजून सोडत नाही. नाव उत्सुकता वाढवतं, पण बोटही तिकडेच दाखवतं. म्हणून मलपृष्ठाच्या मजकुरातून विहिरीचा उल्लेख पूर्ण काढला. तिथे फक्त तलाठी, त्याची मोटारसायकल आणि दप्तर. तरी एका चोखंदळ वाचकानं कळवलं की पंचनामा वाचतानाच त्यांना संशय आला होता. त्या पंचनाम्यावरून सगळे घाईनं पुढे जावेत, अशीच लेखकांची रचना होती. नावानं तिथे दिवा लावला. ‘फेरफार’नं तो लावला नसता, पण मग पंचनाम्यापर्यंत किती जण पोचले असते?

आणि परवा एका वितरकाची यादी आली. पुस्तक ‘शेती व जलसंधारण’ विभागात! फोन करून ते कादंबऱ्यांत हलवून घेतलं. पुढच्या आवृत्तीत नावाखाली ‘रहस्यकादंबरी’ छापू, असं मी लेखकांना सुचवलं आहे. ते म्हणतात, “मॅडम, पंचनाम्याखाली कोणी तसं लिहितं का?”