एकच एन्झाइम, तीन जेल: एलडीएचच्या पट्ट्या मोजताना

एमएस्सीच्या प्रकल्पात मला जे काम मिळालं ते एका ओळीत सांगता येण्यासारखं होतं. लॅक्टेट डिहायड्रोजनेज, म्हणजे एलडीएच, या एन्झाइमचे दोन प्रकार एकत्र करायचे, मिठात गोठवायचे, वितळवायचे आणि आत काय घडलं ते जेलवर, म्हणजे वीज लावून प्रथिनं वेगळी करणाऱ्या चाळणीवर, दाखवायचं. मूळ प्रयोग क्लेमंट मार्कर्ट यांचा, 1963 सालचा. नेटिव्ह जेल, एसडीएस जेल आणि टू-डी जेल या तिघांत नेमका काय फरक आहे, हे मला या एका प्रयोगामुळे कळलं. तिन्ही जेलांना मी तोच नमुना दिला आणि तिघांनी मला वेगवेगळे आकडे सांगितले. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता.

आधी एन्झाइमची ओळख. एलडीएच चार साखळ्या एकत्र येऊन बनतो. साखळ्या मुख्यतः दोन जातींच्या: हृदयात जास्त सापडणारी एच आणि स्नायूत जास्त सापडणारी एम. चार जागा आणि दोन जाती, म्हणून जोड्या पाच होतात. चारही एच असली की एलडीएच-1, चारही एम असली की एलडीएच-5, आणि मधले तीन मिश्र. एम साखळीत 332 अमिनो आम्लं असतात, एचमध्ये 334. वजन दोघींचं साडेछत्तीस किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे चौघींचा संच साधारण 146 किलोडाल्टनचा. आकारात दोघी जवळजवळ जुळ्या, पण भारात बराच फरक: एचवर ऋण भार जास्त, एमवर कमी. हा योगायोग फार मोलाचा आहे, कारण आकार सारखा असल्यामुळे जेलवर जो काही फरक दिसेल तो भाराचाच, असं ठामपणे म्हणता येतं.

आमच्याकडे सशाच्या स्नायूतला एलडीएच होता, म्हणजे चारही एम, आणि गायीच्या हृदयातला, म्हणजे चारही एच. दोन्ही विकत मिळतात. समप्रमाणात मिसळून एक भाग 1 मोलर सोडियम क्लोराइड घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये उणे 20 अंशाला रात्रभर ठेवला. दुसरा भाग त्याच मिठात, पण न गोठवता 4 अंशाला. हा दुसरा भाग नसता तर फरक मिठाने पडला की गोठण्याने, हे सांगता आलं नसतं. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या द्रवात मीठ दाट होत जातं आणि चौघींची पकड सुटते. वितळताना साखळ्या पुन्हा चार-चारच्या गटात येतात, पण आता जो जोडीदार जवळ सापडेल त्याच्याशी.

पहिला जेल नेटिव्ह, साडेसात टक्के अॅक्रिलामाइडचा. यात साखळ्या उलगडणारं एसडीएस नाही, डायसल्फाइड बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल नाही, नमुना उकळायचा नाही. जेल 4 अंशाच्या खोलीत चालवायचा, कारण जेलमधून वीज वाहताना तापलेलं एन्झाइम निकामी होतं. नमुन्यातलं मीठ आधी डायलिसिसने काढून टाकलं. मीठ राहिलं की लेन वाकडी होते आणि शेजारच्या लेनलाही ढकलते. एका वेलमध्ये अर्धा मायक्रोग्रॅमही पुरला, कारण आपण इथे प्रथिन रंगवत नाही, त्याचं काम रंगवतो. जेल लॅक्टेट, एनएडी, नायट्रोब्लू टेट्राझोलियम आणि फेनाझिन मेथोसल्फेट असलेल्या द्रावणात 37 अंशाला अंधारात ठेवायचा. एलडीएच लॅक्टेटमधून इलेक्ट्रॉन काढतो, ते टप्प्याटप्प्याने टेट्राझोलियमपर्यंत पोहोचतात आणि जिथे एन्झाइम आहे तिथेच जांभळा, न विरघळणारा फॉर्मझॅन बसतो. अंधार हवा, कारण फेनाझिन मेथोसल्फेट उजेडात खराब होतं आणि सगळा जेलच निळसर पडतो. जेलचा एक तुकडा मी लॅक्टेट न घातलेल्या द्रावणातही ठेवला होता. तिथे पट्टे दिसले असते तर ते एलडीएचचे नव्हते, असं समजलं असतं.

न गोठवलेल्या लेनमध्ये दोन पट्टे आले: खाली, धन ध्रुवाच्या दिशेने पुढे गेलेला एलडीएच-1, आणि वर, जेमतेम आत शिरलेला एलडीएच-5. गोठवलेल्या लेनमध्ये पाच, आणि जवळपास सारख्या अंतरावर. एका एचच्या जागी एक एम आली की भारात एक ठरावीक घट होते, म्हणून ही शिडी. साखळ्या पूर्णपणे कशाही जुळल्या तर प्रमाण 1:4:6:4:1 यायला हवं, आणि मधला पट्टा सर्वांत दाट होताही. पण मी त्याचं मोजमाप रंगावरून केलं नाही. पाचही प्रकारांची कामाची गती सारखी नसते, आणि फॉर्मझॅन एका मर्यादेनंतर वाढत नाही. जांभळ्या पट्ट्यावरून एन्झाइम कुठे आहे ते समजतं, ते किती आहे हे समजेलच असं नाही.

इथे नेटिव्ह जेलबद्दलचा एक गैरसमज सांगायला हवा. शेजारी मार्कर लावून नेटिव्ह जेलवरून वजन वाचायचा मोह होतो. पण त्यात प्रथिनाचा वेग भार, आकार आणि घडण या तिन्हींवर ठरतो, आणि एका जेलवरून ते वेगळे काढता येत नाहीत. माझे पाचही पट्टे एकाच वजनाचे होते आणि तरी पाच ठिकाणी होते. वजन हवंच असेल तर तोच नमुना वेगवेगळ्या टक्केवारीच्या जेलांवर चालवून वेगाचा लॉग टक्केवारीसमोर मांडावा लागतो. रेषा समांतर आल्या तर आकार सारखा आणि फरक भाराचा.

दुसरा जेल एसडीएसचा, 12 टक्के. नमुना एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉलसह 95 अंशाला पाच मिनिटं. एसडीएस साखळीला वाजवीपेक्षा जास्त चिकटतं, 1 ग्रॅम प्रथिनाला साधारण 1.4 ग्रॅम. त्यामुळे साखळीचा स्वतःचा भार त्या ऋण भाराच्या लोंढ्यात बुडून जातो, आणि जेलमध्ये फक्त लांबीनुसार चाळण होते. गोठवलेलं, न गोठवलेलं, शुद्ध एच, शुद्ध एम, सगळ्या लेनमध्ये 35 किलोडाल्टनच्या जवळ एकेक पट्टा. माझ्या वर्गमित्राने पाहिल्यावर विचारलं, "मग प्रयोग झालाच नाही का?" मॅडम म्हणाल्या, "झालाय. पण चौघींचा हात सोडवल्यावर कोणी कोणाचा धरला होता हे कसं कळणार?"

म्हणजे नेटिव्ह जेल संच दाखवतो पण आतल्या साखळ्या दाखवत नाही. एसडीएस जेल साखळ्या मोकळ्या करतो, पण सारख्या लांबीच्या दोघींत भेद करत नाही. मोकळ्या साखळ्याच हव्यात, पण त्यांचा स्वतःचा भार शाबूत ठेवून. टू-डी जेल नेमकं हेच करतो, आणि 1975 मध्ये पॅट्रिक ओफॅरेल यांनी दाखवलेली पद्धत आजही त्याच क्रमाने चालते.

पहिल्या टप्प्यात नमुना 8 मोलर युरिया, चॅप्स नावाचं डिटर्जंट आणि डायसल्फाइड बंध तोडणारं डीटीटी असलेल्या द्रावणात विरघळवतात. युरियाने साखळ्या उलगडतात पण त्याच्यावर स्वतःचा भार नसल्याने प्रथिनाचा भार झाकला जात नाही. एसडीएस इथे वापरता येत नाही ते याचसाठी. मग पीएच 3 ते 10 चा चढ आधीच बसवलेली 7 सेंटिमीटरची पट्टी त्या द्रावणाच्या 125 मायक्रोलिटरमध्ये रात्रभर फुगू द्यायची आणि वरून खनिज तेल घालून वीज लावायची. साखळी सरकत जाते आणि ज्या पीएचला तिचा एकूण भार शून्य होतो तिथे थांबते. पलीकडे गेली तर भार उलटतो आणि ती परत ओढली जाते. तो तिचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट. एचचा साधारण सहाच्या आसपास, एमचा आठच्या पुढे.

युरियाचं द्रावण गरम करायचं नाही, हा नियम मला सगळ्यात आधी सांगितला गेला. 37 अंशावर गेलं की युरियातून सायनेट तयार होतं, ते लायसिनला जोडलं जातं, लायसिनचा धन भार जातो आणि एका डागाऐवजी आम्लाच्या बाजूला डागांची माळ लागते. अशी माळ दिसली की पहिला संशय तापमानावर. दुसरा शत्रू मीठ. विकतचा एलडीएच अमोनियम सल्फेटमध्ये येतो, म्हणून मी तो डायलिसिस करून वर अॅसिटोनने साका पाडून घेतला. मीठ राहिल्याची खूण यंत्रावरच दिसते: प्रति पट्टी 50 मायक्रोअँपिअरची मर्यादा लगेच गाठली जाते आणि व्होल्टेज चढतच नाही.

दुसऱ्या टप्प्याआधी पट्टी 6 मोलर युरिया, एसडीएस आणि ग्लिसरॉलच्या बफरमध्ये पंधरा मिनिटं डीटीटीसह, मग पंधरा मिनिटं आयोडोअॅसिटामाइडसह हलवत ठेवतात. आता एसडीएस चालतं, कारण भाराचं काम आटोपलेलं असतं. पट्टी 12 टक्के जेलच्या माथ्यावर आडवी ठेवून अॅगरोजने सील केली.

शुद्ध एच आणि शुद्ध एम आधी वेगवेगळ्या जेलांवर चालवले, म्हणजे मिश्रणात कोणता डाग कोणाचा याचा अंदाज लावावा लागणार नाही. एचचा डाग गोल, नेटका आला. एमचा मात्र आडवा ओघळ. याचं कारण रसायनात आहे. डीटीटी स्वतः दुर्बल आम्ल आहे. आठच्या वरच्या पीएचला त्यावर ऋण भार येतो आणि तो धन ध्रुवाकडे निघून जातो. मागे राहिलेल्या एमच्या सिस्टीनना कोणी राखणदार उरत नाही, त्या एकमेकींशी डायसल्फाइड बांधतात आणि साखळ्या वाटेत अडकतात. फुगवण्याच्या द्रावणात डीटीटीऐवजी हायड्रॉक्सीइथाइल डायसल्फाइड घातल्यावर सिस्टीन आधीच झाकल्या गेल्या आणि ओघळ आखडून डाग झाला.

मग मिश्रणं. न गोठवलेलं: 35 किलोडाल्टनच्या ओळीवर दोन डाग. गोठवलेलं: तेच दोन डाग, त्याच जागी. पाच नाहीत. गोठवण्याने साखळ्या बदलल्या नव्हत्या, फक्त त्यांचे गट बदलले होते, हे इथे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

राहिला शेवटचा पुरावा: मधला पट्टा खरोखर दोन एच आणि दोन एमचा आहे का? त्यासाठी नेटिव्ह जेलच्या बऱ्याच लेन चालवल्या, दोन्ही कडेच्या लेन जांभळ्या केल्या आणि मधल्या न रंगवलेल्या लेनमधून त्या उंचीचे तुकडे कापले. रंगवलेला तुकडा घेऊन चालत नाही. फॉर्मझॅन विरघळत नाही आणि पट्टीत गोंधळ घालतो. तुकडे चुरून 4 अंशाला रात्रभर बफरमध्ये ठेवले, बाहेर आलेलं प्रथिन अॅसिटोनने जमवलं आणि टू-डीवर चालवलं. यात बरंच प्रथिन जेलमध्येच राहून जातं, म्हणून कूमासी हा नेहमीचा रंग पुरला नाही आणि चांदीचा रंग द्यावा लागला. मधल्या पट्ट्यातून जवळपास सारख्या दाटीचे दोन डाग आले. त्याच्या खालच्या, एलडीएच-2 च्या पट्ट्यातून एचचा डाग स्पष्टपणे गडद आणि एमचा फिका. तीनास एक, असं मी लिहिलं नाही, कारण चांदी प्रत्येक प्रथिनाला सारखी बसत नाही. अहवालात लिहिलं ते एवढंच की एच जास्त, एम कमी, आणि दोन्ही त्याच एका पट्ट्यात.