चाळीस बंडले आणि एक पत्र

फलटणला माझे विद्युत साहित्याचे दुकान आहे आणि बावीस वर्षांत मी घाऊक व्यापाऱ्यांना पत्रे लिहिली ती बहुतेक उधारीच्या मुदतीसाठी किंवा तुटक्या मालाच्या बदलीसाठी. गेल्या वर्षी मार्च महिन्यात मात्र मला एका व्यापाऱ्याकडे असे लेखी मागावे लागले की, तुम्ही पाठवलेला माल ज्या कंपनीच्या नावाचा आहे त्याच कंपनीचा आहे, याचा पुरावा द्या. ते पत्र लिहिताना माझ्या हातून काय चुकणार होते आणि ते का सुधारले, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

माल होता दीडच्या वायरची ४० बंडले, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटरची, प्रत्येकी ९० मीटरची. कंपनी सर्वांना ठाऊक असलेली. माझ्या नेहमीच्या वितरकाकडे त्या आठवड्यात माल नव्हता, म्हणून पुण्यातील एका घाऊक व्यापाऱ्याकडून मागवला. त्याचा भाव वितरकापेक्षा अकरा टक्क्यांनी कमी होता. तेव्हाच थांबायला हवे होते, कारण या कंपनीच्या वायरवर मध्यस्थाला एवढी सूट परवडत नाही, हे मला माहीत होते. पण मार्च अखेरची गडबड होती आणि निम्मे पैसे मी आगाऊ भरून टाकले.

सोमवारी टेम्पो आला. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे नेहमी येणारा वायरमन उरलेली वायर हातात घेऊन आला आणि म्हणाला, “शेठ, ही वायर सोलताना हाताला हलकी लागतेय. तारा मोजल्या तर बरोबर आहेत, पण प्रत्येक तार केसासारखी बारीक आहे.” तो सोमवारीच एक बंडल घेऊन गेला होता. मी दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच कंपनीचे वितरकाकडून आलेले जुने बंडल काढले आणि दोन्ही न उघडलेली खोकी एकामागून एक काट्यावर ठेवली. जुने भरले १ किलो ९२० ग्रॅम आणि नवे १ किलो ६४०. प्लॅस्टिकचे आवरण दोन्हींचे सारखेच जाड दिसत होते. त्यामुळे ही २८० ग्रॅमची तूट आतल्या तांब्यातच असणार होती, आणि एका बंडलात मुळात किलोभराहून थोडेच अधिक तांबे असते.

वजन हा संशयाला पुरेसा आधार असला तरी मला आणखी एक खात्री हवी होती. तांबे कमी असेल तर वायरचा विजेला होणारा रोध वाढतो, आणि भारतीय मानकात तो किती असावा याची कमाल मर्यादा दिलेली आहे. दीडच्या लवचीक तांब्याच्या वायरला वीस अंश तापमानात किलोमीटरला १३.३ ओहम, म्हणजे ९० मीटरच्या बंडलाला जेमतेम १.२ ओहम. आपला साधा मल्टिमीटर इतके छोटे माप नीट दाखवत नाही आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचाही रोध त्यात मिसळतो. म्हणून वायरमनने तीन बंडले एकापुढे एक जोडली, मीटरची दोन टोके आधी एकमेकांना लावून येणारा आकडा वजा केला आणि मग माप घेतले. जुन्या तीन बंडलांचा रोध ३.७ ओहम आला. नव्या तिघांचा आला ५.० ओहम. मार्चची उष्णता धरली तरी ही तफावत उष्णतेची नव्हती. अशा वायरीवरून दहा अँपिअरचा भार गेला की ती अधिक तापते, आणि प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे एमसीबी काही पडत नाही. भिंतीच्या आतली वायर तापत राहते आणि घरात कोणाला कळत नाही.

त्या रात्री मी जे पहिले पत्र लिहिले त्याची सुरुवात “आपण आम्हाला नकली माल देऊन फसवले आहे” अशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या गावातील एका ज्येष्ठ वकिलांना दाखवले. त्यांनी पहिले वाक्य खोडले आणि विचारले, “हे तुम्ही कशावरून म्हणता? तुमच्याकडे काटा आहे, मीटर आहे. पण माल नकली आहे हे फक्त ती कंपनी सांगू शकते. तुम्ही जे पाहिले तेवढेच लिहा.” मग त्यांनी जे सांगितले ते बहुतेक दुकानदारांना ठाऊक नसते. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्याला किंवा विक्रीसाठी नुसता बाळगणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यातून सुटायचे तर, सर्व वाजवी दक्षता घेतली होती आणि संशयाला जागा नव्हती, हे दुकानदाराला स्वतः सिद्ध करावे लागते, किंवा माल कोणाकडून घेतला याची आपल्याजवळची सर्व माहिती मागणीनुसार द्यावी लागते. बुधवारच्या संध्याकाळनंतर संशयाला जागा नव्हती असे मी म्हणू शकत नव्हतो. म्हणून विकली न गेलेली ३७ बंडले त्याच क्षणापासून विक्रीतून बाहेर काढणे आणि तसे लिहून ठेवणे भागच होते.

दुसरा मुद्दा वेळेचा होता. वस्तुविक्री कायद्यात खरेदीदाराला माल तपासण्याचा हक्क आहे, पण वाजवी मुदत उलटून जाईपर्यंत त्याने नाकारल्याचे कळवले नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. टेम्पोवाल्याच्या पावतीवर मी नुसती सही केली होती. तेव्हापासून मी “तपासणीच्या अधीन राहून” हे शब्द लिहिल्याशिवाय सही करत नाही.

गुरुवारी रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने गेलेले पत्र असे होते:

“आपल्या बिलान्वये पाठवलेली १.५ चौरस मिलिमीटर वायरची ४० बंडले आम्हास सोमवारी मिळाली. त्यांपैकी तीन विकली गेली असून उर्वरित ३७ बंडले आम्ही विक्रीतून बाजूला ठेवली आहेत. सोबतच्या छायाचित्रांत दिसते त्याप्रमाणे या बंडलांचे वजन त्याच कंपनीच्या आमच्याकडील अन्य बंडलांपेक्षा प्रत्येकी सुमारे २८० ग्रॅमने कमी असून सर्व खोक्यांवर एकच अनुक्रमांक छापलेला आहे. या कारणास्तव माल कंपनीचाच असल्याची खात्री होईपर्यंत आम्ही तो स्वीकारलेला नाही. कृपया या बॅचचा माल ज्या बिलाने आपल्याकडे आला त्या बिलाची प्रत, त्यावरील दर झाकून चालेल, आणि आपण त्या कंपनीचे अधिकृत विक्रेते असल्यास चालू मुदतीचे प्रमाणपत्र सात दिवसांत पाठवावे. तोपर्यंत उर्वरित रक्कम आम्ही रोखून ठेवत आहोत. हीच बंडले पडताळणीसाठी कंपनीस दाखवण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवतो.”

यातील “दर झाकून चालेल” हे तीन शब्द वकिलांनी घालायला लावले आणि त्यांचा उपयोग मला नंतर कळला. घाऊक व्यापारी खरेदीचे बिल दाखवत नाही, कारण त्याचा नफा उघडा पडतो. ही अडचण खरी आहे. ती आपणच आधी दूर केली की नकार देण्यासाठी त्याच्याकडे सरळ कारण उरत नाही. मला त्याच्या नफ्याशी कर्तव्य नव्हते. मला माल कोणाकडून कोणाकडे गेला ती साखळी हवी होती, आणि ती साखळी याच बॅचची असायला हवी होती.

उत्तर दोन दिवसांत आले, पण व्हॉट्सअॅपवर आणि तीन चित्रांच्या रूपात. पहिले चित्र भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपचे होते. त्यात Verify Licence Details मध्ये खोक्यावरचा CM/L क्रमांक टाकला होता आणि परवाना चालू असल्याचे, कंपनीचे नाव व पत्ता बरोबर असल्याचे दिसत होते. मीही बुधवारी रात्री तेच पाहिले होते. यावर थोडे थांबून सांगतो, कारण अनेक जण इथेच समाधान मानतात. तो क्रमांक कंपनीच्या परवान्याचा असतो, एकेका बंडलाचा नसतो. खऱ्या खोक्यावरून तो कोणीही उतरवून खोट्यावर छापू शकतो आणि अॅप त्याला बरोबरच म्हणेल. क्रमांक सापडला नाही तर माल निश्चित संशयास्पद. सापडला तर एवढेच कळते की असा परवाना अस्तित्वात आहे. दुसरे चित्र विक्रेता प्रमाणपत्राचे होते आणि त्याची मुदत आधीच्या वर्षी संपलेली होती. तिसरे खरेदीचे बिल होते, दर झाकलेले. त्यावर दीडची वायर होती, कंपनीच्या वितरकाचे नाव होते, पण बॅच क्रमांक आमच्या खोक्यांवरचा नव्हता आणि बंडले होती बारा. बारा बंडले घेणाऱ्याने मला चाळीस कशी पाठवली, हा प्रश्न मी त्याला पुन्हा लेखीच विचारला.

तेव्हा त्याचा फोन आला. “दादा, एवढं कशाला ताणता? माल परत पाठवा, पैसे उद्या टाकतो.” खरे सांगायचे तर मला मोह झाला. पैसे मिळणार होते आणि डोक्याचा ताप जाणार होता. पण परत गेलेली ३७ बंडले दुसऱ्या कोणत्या तरी तालुक्याच्या दुकानात उतरणार, हे मला दिसत होते. शिवाय माझ्या हातातला पुरावाही जाणार होता. नाकारलेला माल परत पोहोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नसते, नाकारल्याचे कळवणे पुरेसे असते, हे वकिलांनी सांगितले होतेच. मी त्याला कळवले की कंपनीची पडताळणी झाल्यावरच मालाचे काय करायचे ते ठरेल.

कंपनीच्या विभागीय कार्यालयाला मी दोन्ही पत्रे, छायाचित्रे आणि बिल पाठवले. त्यांचा प्रतिनिधी पुढच्या आठवड्यात आला. त्याने खोक्याचा पुठ्ठा पाहिला, वायरीवरची छपाई बोटाने घासली, आणि ती पुसट होताच काही न बोलता मान हलवली. मी उघडलेली तीन बंडले वेगळ्या पिशवीत, तारीख आणि वायरमनची व माझी सही घालून ठेवली होती. त्यातले एक आणि न उघडलेले एक अशी दोन बंडले त्याने पोच देऊन नेली. अकराव्या दिवशी लेखी उत्तर आले की ही उत्पादने आमच्या कारखान्यात तयार झालेली नाहीत. पुढची कारवाई कंपनीने स्वतःकडे घेतली आणि उरलेला माल पंचनामा करून नेला. व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम परत केली आणि पूर्ण बिलाची क्रेडिट नोट पाठवली.

विकल्या गेलेल्या तीन बंडलांचा शोध मात्र मलाच घ्यायचा होता. वायरमनची एका घराच्या दोन खोल्यांत ती वायर ओढून झालेली होती. त्याने आणि मी रविवारी जाऊन ती पाइपातून बाहेर काढली, नवी घातली आणि मजुरी मी दिली. दुसरे बंडल बिलावर एका शेतकऱ्याच्या नावाने होते. त्यांनी ते उघडलेही नव्हते. तिसरे मंगळवारी दुपारी रोखीने गेले आहे. त्या ओळीत फक्त रक्कम आहे, नाव नाही. मी दुकानाच्या दारावर मार्चमधली तारीख घालून पाटी लावली आहे की दीडची वायर घेऊन गेलेल्यांनी बंडल परत आणावे, पैसे आणि नवी वायर दोन्ही मिळतील. अजून कोणी आलेले नाही, आणि पाटी मी काढलेली नाही.